तीस टक्के की सहा मिनिटं?

तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा शेडवाल्या आबांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ मी सांगलीत बसून एडिट करतो. गेल्या हंगामात त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. "वीस मिनिटं जीव तोडून बोललो, अन् लोकांनी तीस टक्केच बघितलं. दहावीला पस्तीसला पास करतात ओ. म्हणजे नापासच की."

आबांची ही चूक फार जण करतात. टक्का दिसला की आपल्याला मार्क आठवतात. यूट्यूबच्या आकडेवारीच्या त्याच स्क्रीनवर, त्या टक्क्याच्या शेजारी, दुसरा आकडा होता: एका व्ह्यूमागे सरासरी सहा मिनिटं. दोन्ही आकडे एकाच पाहण्यातून निघतात. एकूण पाहिलेला वेळ भागिले व्ह्यू, की मिळतो ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशन. त्याला व्हिडिओच्या लांबीने भागलं की मिळतो ॲव्हरेज पर्सेंटेज व्ह्यूड. फरक फक्त त्या एका भागाकाराचा. पण कुठल्या काळात कुठल्या आकड्याचा बोलबाला झाला, ते यूट्यूबच्या इतिहासात बघावं लागतं.

यूट्यूब 2005 साली सुरू झालं तेव्हा असला प्रश्नच नव्हता. व्ह्यू किती, एवढंच लोक विचारायचे. 2006 मध्ये सर्वसाधारण खात्यांना दहा मिनिटांची मर्यादा घातली गेली, 2010 मध्ये ती पंधरा झाली आणि त्याच वर्षाअखेरीस चांगला इतिहास असलेल्या खात्यांसाठी ती उठायला लागली. बहुतेक व्हिडिओ छोटे असल्यामुळे कुणी किती वेळ पाहिलं याची फारशी फिकीर कुणाला नव्हती. मात्र एक रोग फोफावला. थंबनेलवर भलतंच चित्र लावायचं, माणूस क्लिक करतो, पाच सेकंदांत फसल्याचं कळतं, तो निघून जातो, पण व्ह्यू जमा होतो. क्लिकला बक्षीस होतं, त्यामुळे फसवणुकीलाही होतं.

2012 मध्ये यूट्यूबने हा काटाच बदलला. मार्चमध्ये शेजारी सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंसाठी आणि ऑक्टोबरमध्ये सर्चसाठी, व्ह्यूऐवजी पाहिलेल्या वेळेला वजन द्यायला सुरुवात झाली. कंपनीने स्वतःपुढे ध्येय ठेवलं होतं ते रोज एक अब्ज तास पाहिले जाण्याचं, आणि ते गाठल्याचं तिने फेब्रुवारी 2017 मध्ये जाहीर केलं. ध्येयच तासांत मोजलेलं असल्यावर मिनिटांचा आकडा मोठा होणार, हे ओघानं आलं. जो व्हिडिओ माणसाला जास्त मिनिटं धरून ठेवतो तो पुढे जायला लागला, आणि व्हिडिओ लांबायला लागले. त्यात जाहिरातीचा हिशोब होता. मधे जाहिरात टाकायची सोय दहा मिनिटांच्या वरच्या व्हिडिओलाच होती, म्हणून दहा मिनिटं आणि वर काही सेकंद अशी लांबी सगळीकडे दिसायची. जुलै 2020 मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली, तशी त्या व्हिडिओंची लांबीही आठ मिनिटं आणि वर काही सेकंदांवर आली.

आपल्याकडे मिनिटांचा काळ जरा उशिरा आला. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, त्याआधी वीस मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर बघणं म्हणजे महिन्याचा नेटपॅक एका बैठकीत संपवणं. गावातला पोरगा दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून आणायचा, तो एवढ्याचसाठी. डेटा स्वस्त झाल्यावर मात्र बागेत औषध मारताना खिशात फोन ठेवून छाटणीवरचं व्याख्यान ऐकणारे शेतकरी तयार झाले. त्याच सुमारास, जानेवारी 2018 मध्ये, पैसे मिळण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास अशी अट आली. ही अटही तासांतच. त्यामुळे आपल्या भागातल्या नवख्या चॅनलवाल्याला यूट्यूबचं गणित कळलं ते "तास किती झाले?" या एका प्रश्नातून.

त्या तासांवरूनच मी आबांना हिशोब सांगितला. आकडे इथे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. त्यांचा रॅक कसे बांधायचे यावरचा चार मिनिटांचा व्हिडिओ सरासरी 2 मिनिटं 24 सेकंद पाहिला जात होता. म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास. वीस मिनिटांचा, बेदाणा करायची सगळी पद्धत सांगणारा व्हिडिओ सहा मिनिटं, म्हणजे तीस टक्के. आता दोघांना प्रत्येकी हजार व्ह्यू धरा. फर्स्ट क्लासवाल्याचे झाले चाळीस तास. नापासाचे झाले शंभर. चार हजार तास भरायला पहिल्याला एक लाख व्ह्यू लागतील, दुसऱ्याला चाळीस हजार.

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "आन् टक्का वाढवला तर?"

वाढवला त्यांनी. मला न विचारता शेवटची सहा मिनिटं कापून तोच व्हिडिओ चौदा मिनिटांचा करून पुन्हा टाकला. टक्का तीसवरून चाळीसवर गेला. शेडवर पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. मी मिनिटं बघितली तर ती सहावरून 5 मिनिटं 36 सेकंदांवर आली होती. टक्का वाढला आणि पाहणं मात्र घटलं.

हे असं का झालं, ते समजलं की दोन्ही आकड्यांचं नातं समजतं. कापलेली सहा मिनिटं कुणीच बघत नव्हतं असं धरलं, तर पाहण्यात काहीच फरक पडायला नको होता. सरासरी सहाच मिनिटं राहिली असती आणि सहा भागिले चौदा म्हणजे टक्का जवळपास त्रेचाळीस झाला असता. तो आला चाळीस. मधले 24 सेकंद कुठे गेले? प्रत्येक व्ह्यूमागे 24 सेकंद म्हणजे 360 सेकंदांच्या त्या तुकड्यातले सरासरी सातेक टक्के. बाकी सगळं तसंच राहिलं असं मानलं, तर शंभरातले सात जण त्या शेवटच्या भागापर्यंत टिकत होते आणि कात्रीत सापडले ते हेच.

आता हे सात कोण? जुन्या व्हिडिओचा रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या मिनिटाला किती जण बघत होते ती रेघ, आबांना उघडून दाखवला. रेघ उतरत उतरत येते आणि सतराव्या मिनिटाशी छोटासा उंचवटा घेते. तिथे आबा डिपिंगच्या द्रावणाचं प्रमाण सांगत होते: पाणी किती, पोटॅशियम कार्बोनेट किती, डिपिंग ऑइल किती. लोक तिथे मागे नेऊन पुन्हा ऐकत होते, बहुधा वहीत लिहून घेत होते. मागे नेऊन पाहिलेलं आलेखात पुन्हा मोजलं जातं, म्हणून रेघ वर उचलली जाते. आबांनी टक्क्यापायी नेमका तोच भाग उडवला होता. ज्यांची शेड आहे, ज्यांना उद्या द्राक्षं बुडवायची आहेत, तेच हे सात. बाकीचे नुसते बघे.

सरासरीचा एक दोष इथेच सांगून टाकतो. सहा मिनिटं म्हणजे सगळ्यांनी सहा मिनिटं पाहिलं असा अर्थ नाही. हजारातले पाचशे सरासरी पंधरा सेकंदांत पळाले आणि उरलेले पाचशे सरासरी पावणेबारा मिनिटं बसले, तरी सहाच येतात. पहिल्या प्रकारची गळती असेल तर दोष थंबनेलमध्ये किंवा पहिल्या अर्ध्या मिनिटात असतो. आबांच्या व्हिडिओत तिथे मावळतीचा ड्रोन शॉट आणि "राम राम मंडळी"पासून ग्रामदैवतापर्यंतचं नमन होतं. ते कापायला हवं होतं. कात्री चालली ती दुसऱ्या टोकाला.

टक्का मग कशाला ठेवलाय, असं वाटेल. तो परत मानाने आला शॉर्ट्समुळे. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स जगात सगळ्यात आधी भारतात आणले. साठ सेकंदांच्या व्हिडिओत मिनिटांचा आकडा बोलून बोलून काय बोलणार? आबांच्या पुतण्याने बैलगाडा शर्यतीचा चाळीस सेकंदांचा तुकडा टाकला होता. त्याची सरासरी 44 सेकंद, म्हणजे एकशे दहा टक्के. शंभराच्या वर टक्का बघून आबांना वाटलं यूट्यूब बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं, शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो आणि काही जण दुसऱ्यांदा धुरळा बघत थांबतात. पण हजार व्ह्यूंचे तास मोजले तर ते जेमतेम बारा, आणि शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ त्या चार हजार तासांत धरलाच जात नाही. छोट्या व्हिडिओत पूर्ण बघितलं का, एवढंच विचारण्यासारखं असतं, आणि ते टक्का सांगतो. 15 ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ शॉर्ट धरला जातो. त्यामुळे आता वीस सेकंदांचा शॉर्ट आणि पावणेतीन मिनिटांचा शॉर्ट यांचे टक्केही शेजारी ठेवून उपयोग नाही.

लांबी वाढली की टक्का उतरणार आणि मिनिटं बहुतेक चढणार, हे व्हिडिओ चांगला असो की वाईट, होतंच. म्हणून यूट्यूब स्टुडिओ या चॅनलवाल्याच्या पानावर आपल्याच साधारण सारख्या लांबीच्या आधीच्या दहा व्हिडिओंशी तुलना करून दाखवतात. वीस मिनिटांची तुलना वीस मिनिटांशी असली, की दोन्ही आकडे एकाच दिशेला जातात आणि भांडण उरत नाही. भांडण लागतं ते लांबी बदलल्यावर. माझा स्वतःचा अंदाज असा, की दहा मिनिटांच्या वर गेलं की आधी मिनिटं बघावीत, दोन-तीन मिनिटांच्या आत टक्का, आणि मधल्या पट्ट्यात आलेख उघडल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नये. एक सावधगिरी अशी की व्हिडिओ आपल्या नेहमीच्या प्रेक्षकाबाहेर पसरायला लागला की दोन्ही आकडे घसरतात. ज्याची बागच नाही तो बेदाण्याला किती वेळ देणार? त्या घसरणीला घाबरून आबांनी एकदा चालता व्हिडिओ लपवून ठेवला होता.

वीस मिनिटांचा जुना व्हिडिओ आम्ही उघडाच ठेवला, नमन मात्र यूट्यूब स्टुडिओतल्याच कापाकापीच्या सोयीने कापलं. चौदा मिनिटांचा काढून टाकला. द्रावणाच्या प्रमाणाचा तीन मिनिटांचा आडवा व्हिडिओ वेगळा केला. तो सरासरी 2 मिनिटं 6 सेकंद चालतो, म्हणजे सत्तर टक्के, आणि तासांच्या हिशोबात तो वीस मिनिटांच्या व्हिडिओपुढे किरकोळ आहे. आबांनी तरी तो शेडच्या पत्र्याला टांगलेल्या फोनवर लावून ठेवलाय. बुट्टी बुडवणारी माणसं प्रमाण विसरली, की मान वर करून तेवढंच बघतात.