संपर्क राखणारा नकार आणि मोघम होकार

नोकरी बदलण्याचा विचार मनात नसताना एखाद्या रिक्रूटरचा संदेश आला, तर त्याला पाठवलेले उत्तर आपल्याला सभ्य नकारासारखे वाटते आणि तेच उत्तर त्याला होकारासारखे वाचता येते. दोन्हींत आभार असतात, दोन्हींत पुढे बोलण्याची तयारी दाखवलेली असते, त्यामुळे फरक सहज लक्षात येत नाही. तो ध्यानात येतो पुढच्या आठवड्यात, रिक्रूटरचा फोन आल्यावर.

समजा, पुण्यात खराडीला एका कंपनीत डेटा इंजिनिअर म्हणून काम करणाऱ्या एका मुलीला लिंक्डइनवर बंगळुरूच्या एका पदाबद्दल संदेश आला. या नोकरीत तिला चौदा महिने झाले आहेत, नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे आणि पुणे सोडण्याची तिची इच्छा नाही. ती लिहिते: ‘संदेशाबद्दल धन्यवाद. सध्या मी नोकरी शोधत नाही, पण संधी चांगली असेल तर विचार करायला हरकत नाही. सोबत सीव्ही जोडला आहे.’

तिच्या मते महत्त्वाचे वाक्य ‘शोधत नाही’ हे आहे. रिक्रूटरसाठी मात्र शेवटचे वाक्य महत्त्वाचे ठरते, कारण ज्याला खरोखर नको असते तो सहसा सीव्ही पाठवत नाही. त्यामुळे तो तिची नोंद इच्छुक उमेदवारांत करतो आणि सध्याचा पगार, अपेक्षित पगार व नोटीस पिरियड विचारायला फोन करतो. तो बाहेरच्या कन्सल्टन्सीचा असेल, तर सीव्ही त्या कंपनीकडे पोहोचण्याचीही शक्यता असते, आणि इथे नुकसान अधिक टिकाऊ असते. एका एजन्सीमार्फत नाव गेले की पुढचे काही महिने त्या उमेदवारावर त्याच एजन्सीचा हक्क मानण्याचा करार अनेक कंपन्या करतात. वर्षभरात तिने त्याच कंपनीत स्वतः किंवा ओळखीतून अर्ज केला, तर भरतीचे मानधन कुणाला द्यायचे हा वाद तिच्या अर्जाच्या आड येऊ शकतो. शिवाय दोन फोन झाल्यावर तिने बंगळुरूला यायला नकार दिला, तर ऐनवेळी मागे फिरणारी उमेदवार म्हणून ती त्याच्या लक्षात राहते.

संपर्क राखणारा नकार हाताळणीत वेगळा असतो. प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत गेले तरी आशय असा असावा:

‘नमस्कार. बंगळुरूच्या लीड डेटा इंजिनिअर पदासाठी माझा विचार केल्याबद्दल आभार. हाती घेतलेले काम मार्चअखेरपर्यंत चालणार असल्याने तोपर्यंत मी नोकरी बदलणार नाही, म्हणून या पदासाठी माझे नाव कृपया पुढे पाठवू नये. एप्रिलनंतर पुण्यातली, लहान गटाची जबाबदारी असलेली जागा निघाली, तर मला अवश्य कळवावे. तोवर लिंक्डइनवर संपर्कात राहू.’

यात नकार एका पदापुरता आणि एका मुदतीपुरता आहे, आणि तो स्पष्ट आहे. ‘नाव पुढे पाठवू नये’ हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण संकोचामुळे नेमके तेच गाळले जाते. त्यानंतरचे वाक्य रिक्रूटरच्या खऱ्या उपयोगाचे आहे, कारण महिना, शहर आणि कामाचे स्वरूप या तीन गोष्टी त्याला नोंदवून पुढे शोधता येतात; ‘चांगली संधी’ हे शब्द शोधता येत नाहीत. अर्थात, महिना खरा असला तरच लिहावा. नुसते बरे दिसावे म्हणून एप्रिल लिहिला, तर एप्रिलमध्ये फोन येईल आणि पुन्हा टाळाटाळ करावी लागेल. मुदत ठाऊक नसेल, तर केवळ शहर आणि काम सांगितले तरी पुरेसे आहे.

कारण एका वाक्यात आटोपावे आणि त्यात सध्याच्या कंपनीची तक्रार किंवा पगाराचा आकडा नसावा. उत्तर ऑफिसच्या ईमेलवरून पाठवू नये, कारण ती खाती कंपनीच्या ताब्यात असतात. एखाद्या सहकाऱ्याचे नाव सुचवायचे असेल, तर आधी त्याला विचारावे.

उत्तरच न देणे हा तिसरा मार्ग अनेकांना सभ्य वाटतो, पण रिक्रूटरच्या दृष्टीने स्पष्ट नकार त्याहून बरा असतो. लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तीला इनमेल, म्हणजे सशुल्क खात्यातून जाणारा संदेश, पाठवताना रिक्रूटरच्या ठरावीक क्रेडिटपैकी एक खर्च होते, आणि 90 दिवसांत उत्तर आले, मग ते नकाराचे का असेना, की ते क्रेडिट त्याला परत मिळते. शिवाय कन्सल्टन्सीतली माणसे स्वतःही नोकऱ्या बदलतात, म्हणून त्या व्यक्तीशी लिंक्डइनवर जोडलेले राहिले, तर ती उद्या दुसऱ्या कंपनीच्या भरतीसाठी काम करू लागली तरी आपली पुण्याची अट तिच्यासोबत जाते.