मायनस आठची काच पातळ कशी करायची?

मोठा नंबर असलेले बरेच ग्राहक दुकानात आल्या आल्या विचारतात, ‘सगळ्यात पातळ काच कोणती?’ आम्ही मात्र आधी फ्रेम बघतो.

मायनस नंबरची काच बाहुलीसमोर सर्वांत पातळ असते आणि तिथून लांब जाल तशी वेगाने जाड होत जाते. फ्रेमच्या दांडीच्या आत ५४-१८ असे आकडे असतात. पहिला एका काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या अंतराचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. समजा नंबर मायनस ८ आहे आणि दोन बाहुल्यांतलं अंतर ६२. या ५४-१८ च्या फ्रेममध्ये साध्या प्लॅस्टिकची (१.५० इंडेक्स) काच कानाकडच्या कडेला सुमारे १० मिमी होते. इंडेक्सचा आकडा जितका मोठा, तितकी त्याच नंबरची काच पातळ; महागडी १.६७ घेतली तर साधारण साडेसात. आता फ्रेम ४८-१८ ची, गोलसर घ्या. त्यात साधी काचसुद्धा साडेसातच्या आसपास येते, १.६७ सव्वापाच, आणि १.७४ जेमतेम पाच. म्हणजे १.७४ साठी जास्तीचे पैसे मोजून या फ्रेममध्ये अर्धा मिलिमीटरही वाचत नाही. अशा वेळी आम्ही १.६७ वर थांबायला सांगतो. जाड कडांची फ्रेम घेतलीत तर उरलेली जाडी तिच्यात लपते. प्लस नंबरात जाडी मधोमध येते, पण लहान फ्रेमचा फायदा तिथेही होतो.

हाय इंडेक्सची एक खोड आहे. तिच्यातून तिरकं पाहिलं की ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसू शकते. पॉलीकार्बोनेटमध्येही ती दिसते. ते लवकर फुटत नाही, म्हणून मुलांसाठी चांगलं. किनारीचा त्रास होत असेल तर १.६० घ्या, थोडी जाड पण नजरेला स्वच्छ.

अँटीग्लेअर मात्र हाय इंडेक्सवर घ्यायलाच हवं. साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून १२ टक्के. कोटिंग नसेल तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेत दुहेरी दिसतात. हे कोटिंग उष्णतेने तडकतं, त्यामुळे चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि धूळ बसलेली काच सदऱ्याला पुसण्याआधी पाण्याखाली धरा.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमॅटिक काच अतिनील किरणांवर चालते. गाडीची पुढची काच हे किरण अडवते, म्हणून गाडी चालवताना ती फारशी काळी होत नाही. तेवढ्यासाठी घेणार असाल तर नंबरचा वेगळा गॉगल करा. कडक उन्हाळ्यात ती थंडीपेक्षा कमी गडद होते. तो काचेतला दोष नव्हे. मोठ्या नंबरला एक गोष्ट जरूर विचारा: रंग वरच्या थरात आहे की सगळ्या काचेत? काचेत भिनलेला असेल तर मायनसमध्ये कडा गडद आणि मध्य फिका दिसतो.

येताना नंबरचा कागद आणि जुना चष्मा दोन्ही आणा. जुन्या काचेची कड मोजून नवी किती होईल ते ऑर्डरआधीच सांगू.