मगर सोडली, पण कशात?

वडोदऱ्यात आमच्या घरी रविवारी चार-पाच मुलं मराठी लिहायला येतात. शाळेत गुजराती, घरात मराठी. इथल्या विश्वामित्री नदीच्या पुरावर लिहा म्हटलं, तर आठवीतल्या एका मुलीने लिहून आणलं:

‘विश्वामित्री काठाबाहेर आली की मगर वस्तीत शिरते. ती दिसली की लोक वनखात्याला फोन करतात. ते येऊन तिला पकडतात आणि पाणी उतरल्यावर परत तिच्यात सोडतात. यामुळे प्रश्न सुटत नाही.’

यातली सर्वनामं बघू. पहिली ‘ती’ ठीक आहे. नदी आणि मगर दोघी स्त्रीलिंगी, तरी ‘शिरते’ची कर्ती मगर नुकतीच येऊन गेली आहे आणि वाचणारा जवळच्या कर्त्याकडेच आधी वळतो. ‘ते’पाशी मात्र घोटाळा होतो. मराठीत ‘ते’ नपुंसकलिंगी एकवचनही आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनही. तिच्या मनात वनखातं होतं, पण ‘पकडतात’ हे अनेकवचन आहे, म्हणजे व्याकरणाने मगर पकडली लोकांनी! गुजरातीत तो, ती, ते या तिघांनाही ‘ते’च चालतं, त्यामुळे या मुलांच्या कानाला ते खटकतही नसावं. पुढे ‘तिला’ म्हणजे मगरीला आणि ‘तिच्यात’ म्हणजे नदीत. एकाच वाक्यात सर्वनामाने माणूस (म्हणजे मगर) बदलला, आणि मगर मगरीतच सोडली गेली.

सगळ्यात अवघड ‘यामुळे’. मी विचारलं, “कशामुळे?” ती म्हणाली, “मावशी, पूर दरवर्षी येतोच ना, मग मगर परत येणार.” हे कारण परिच्छेदात कुठेच नव्हतं. ‘तो’, ‘ती’ला निदान लिंग-वचनाचा लगाम असतो. ‘हे’, ‘यामुळे’ अख्ख्या वाक्याकडे, कधी दोन-तीन वाक्यांकडे बोट दाखवतात, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो संदर्भ आधीच असल्याने त्याला उणीव दिसत नाही. म्हणून तपासणी दुसऱ्याने करावी. प्रत्येक सर्वनामापाशी थांबून ‘कोण?’, ‘कशामुळे?’ विचारायचं आणि उत्तर म्हणून परिच्छेदातल्याच शब्दावर बोट ठेवायचं. दोन शब्दांवर बोट गेलं तर नाव घालायचं. कुठेच ठेवता आलं नाही, तर नाव घालूनही भागत नाही, राहिलेलं वाक्य लिहावं लागतं.

मुलं मग उत्साहाने सगळीकडे नावंच घालतात: ‘मगर शिरते. मगर दिसते. मगर पळते.’ तेही वाईटच. पीटर गॉर्डन, बार्बरा ग्रोझ आणि लॉरा गिलियम यांनी १९९३ साली इंग्रजी वाचकांवर प्रयोग केले. जिथे सर्वनाम सहज बसतं तिथे नाव पुन्हा लिहिलं तर वाचायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना दिसलं. पहिली ‘ती’ आम्ही म्हणूनच ठेवली.

शेवट तिने असा केला: ‘वनखात्याची माणसं मगरीला पकडतात आणि पाणी उतरल्यावर परत नदीत सोडतात. पण पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला तर मगर पुन्हा वस्तीत येऊ शकते. नुसतं पकडून सोडल्याने प्रश्न सुटत नाही.’