आठ बिघाड चौदापेक्षा खरोखर कमी आहेत का?

एखाद्या ऑनलाइन सेवेच्या विश्वासार्हतेचा तिमाही आढावा वरिष्ठ व्यवस्थापनापुढे मांडला जातो, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर बहुधा ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘बिघाडांत 43 टक्के घट’. उदाहरणापुरते असे धरू की मागील तिमाहीत 14 बिघाड नोंदले गेले आणि या तिमाहीत 8. वजाबाकी बरोबर आहे, टक्केवारीही बरोबर आहे; पण तेवढ्यावरून सेवा सुधारली असे म्हणता येत नाही.

क्षणभर असे मानू की दोन्ही तिमाहींत सेवेची प्रकृती अगदी सारखीच होती. मग एकूण 22 बिघाडांपैकी प्रत्येक बिघाड या तिमाहीत पडला की त्या, हा निव्वळ नाणेफेकीचा प्रश्न उरतो. 22 वेळा नाणे उडवले असता बरोबर 11 छापे पडणे दर सहा प्रयत्नांत जेमतेम एकदा घडते, तर 14–8 किंवा त्याहूनही असमान वाटणी 100 पैकी सुमारे 29 वेळा होते. म्हणजे काहीही न बदलता अशी ‘घट’ किंवा अशीच ‘वाढ’ वर्षातून एखादे वेळी दिसणारच.

या चढउताराचे गणित सिमेओं द्नी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये मांडले आणि संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी 1898 मध्ये ते प्रशियाच्या घोडदळाच्या नोंदींना लावून दाखवले. घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांच्या त्या नोंदी होत्या. दहा तुकड्या आणि वीस वर्षे, म्हणजे एकूण 200 नोंदी. त्यांपैकी 109 नोंदींमध्ये एकही मृत्यू नव्हता, तर एकीत तब्बल चार होते. त्या तुकडीतले घोडे अधिक खोडकर होते असे मानण्याची गरज नव्हती, कारण सूत्र एवढी विषमता आधीच वर्तवत होते. त्याचा व्यवहारी सारांश असा, की सरासरी 11 असेल तर आकडा 11च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण 3.3 इतका, वर किंवा खाली सहज जातो. आपले 8 आणि 14 हे दोन्ही आकडे या पट्ट्यातच बसतात. शिवाय प्रत्यक्षात एका बिघाडातून दुसरा उद्भवतो, त्यामुळे विखुरणे आणखी वाढते. ‘संकटे तीन-तीनच्या घोळक्याने येतात’ ही समजूतही याच विखुरण्यातून जन्मते. यदृच्छेने पडणारे ठिपके समान अंतरावर पडत नाहीत, त्यांचे पुंजके होतातच.

मग आढाव्यात पाहावे तरी काय? सेवा किती मिनिटे ग्राहकाच्या कामी आली नाही, ते. सेवेने 99.9 टक्के वेळ चालू राहण्याचे उद्दिष्ट ठेवले असेल, तर 90 दिवसांच्या 1,29,600 मिनिटांपैकी सुमारे 130 मिनिटे बंद राहण्याची मुभा तिला मिळते. या मुभेला ‘एरर बजेट’ म्हणतात. आपल्या उदाहरणात मागील तिमाहीतील 14 बिघाडांनी मिळून 96 मिनिटे खाल्ली आणि या तिमाहीतील आठांनी 171, असे धरा. संख्या घटली, बजेट मात्र ओलांडले गेले. त्या 171 मिनिटांतली 118 एकाच बिघाडाची होती, म्हणून ‘सरासरी दुरुस्तीकाळ 21 मिनिटे’ हा आकडाही फसवा आहे; तो एक वगळला तर उरलेल्या सातांची सरासरी आठ मिनिटांच्या आत येते.

सेवा सुधारण्यासाठी पैसा कुठे गुंतवावा, याचे उत्तर त्या 118 मिनिटांतच आहे. ब्राउझरला सर्व्हरची ओळख पटवणारे सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून निकामी झाले होते. देखरेख करणारा प्रोग्राम आतल्या जाळ्यातून, प्रमाणपत्र न तपासताच सर्व्हरला हाक मारत असल्यामुळे त्याला सारे आलबेल दिसत राहिले आणि ग्राहकांच्या तक्रारींमधून बिघाड कळेपर्यंत 71 मिनिटे गेली. प्रत्यक्ष दुरुस्तीला 47 लागली. म्हणजे अधिक वेगवान सर्व्हर घेऊन येथे काहीच साधले नसते. हवी होती ती ग्राहकाच्याच वाटेने, बाहेरून होणारी तपासणी आणि प्रमाणपत्रातील `notAfter` ही मुदत संपण्याची तारीख जवळ येताच वाजणारी सूचना.

पुढचा कल सांगण्यासाठीही येथे नाणेफेकीवर विसंबावे लागत नाही, कारण बिघाडाचे कारणच हाती आहे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत पूर्वी 398 दिवसांची होती. ब्राउझर आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवल्यानुसार ती 15 मार्च 2026 पासून 200, 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47 दिवसांवर येते. हाताने केले जाणारे नूतनीकरण अशा रीतीने आठपटीहून अधिक वेळा करावे लागेल आणि तितक्याच वेळा ते विसरण्याची संधी निर्माण होईल. म्हणून घटीच्या टक्केवारीच्या जागी त्या स्लाइडवर दुसराच आकडा यायला हवा : आपली किती प्रमाणपत्रे अजून माणसाच्या आठवणीवर चालतात?