ऑफिसातली संबोधनं: सर, मॅडम, ताई, दादा आणि जी

कामाच्या ठिकाणी कुणाला नमस्कार करताना किंवा हाक मारताना नावाच्या पुढेमागे जो मानाचा शब्द लावतात त्याला संबोधन म्हणतात. महाराष्ट्रात सर, मॅडम, साहेब, ताई, दादा, भाऊ, काका, मामा, मावशी हे शब्द रोज चालतात आणि अलीकडे हिंदीच्या वाटेनं आलेला जीसुद्धा. कोणाला काय म्हणायचं याच्या याद्या भरपूर सापडतात, पण खरी गोम शब्दात नाहीये, क्रियापदात आहे. मराठीत मान शब्दानं अर्धाच दिला जातो, उरलेला अर्धा वाक्याच्या शेवटी द्यावा लागतो. "दादा, बस" आणि "दादा, बसा" यात दादा तोच आहे, पण पहिला घरातला भाऊ आणि दुसरा ऑफिसातला माणूस.

याला व्याकरणात आदरार्थी अनेकवचन म्हणतात. माणूस एकच, पण त्याच्याबद्दल बोलायचं अनेकवचनात. सर आले, मॅडम आल्या, साहेब निघाले. शाळेत वर्गाच्या दारात उभा राहून पोरगा "ए, सर आला!" असं कुजबुजतो तेव्हा त्यानं सर हा मानाचा शब्द वापरलेला असतो तरी मान शून्य दिलेला असतो, आणि हे सरांना ऐकू गेलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये. ऑफिसात हीच चूक जरा वेगळ्या रूपात होते. तोंडावर नाही, पाठीमागे बोलताना. फोनवर कुणी विचारलं की मॅडम आहेत का, आणि आपण "हो, आत्ताच आली" म्हणून मोकळे होतो.

प्रत्ययातही तेच आहे. सरांनी सांगितलं, साहेबांना विचारा, ताईंचं टेबल, दादांची सही. "सरने सांगितलं" किंवा "सरला विचार" हे मराठी कानाला लगेच खटकतं. ताईच्या बाबतीत तर सगळा खेळ एका टिंबाचा आहे. "ताईचा डबा" म्हणजे सख्खी बहीण, "ताईंचा डबा" म्हणजे ऑफिसातल्या ताई. टाइप करताना ते टिंब घाईत गळतं आणि सहकारी ताई एका क्षणात घरची बहीण होऊन बसते. मॅडमचं मात्र विचित्र आहे. मॅडमनी, मॅडमना इथपर्यंत मान दिसतो, पण "मॅडमचं केबिन" म्हणताना शब्द बदलतच नाही. म्हणून कुणी कुणी "मॅडमांचं" म्हणतात, ते पुण्यात थोडं गावाकडचं वाटतं पण व्याकरणाच्या बाजूनं बघितलं तर तेच जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं.

आता एक दिवस घेऊन बघू. समजा चाकणच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तेवीस वर्षांचा डिप्लोमावाला पोरगा ट्रेनी इंजिनीअर म्हणून पहिल्या दिवशी आलाय. गेटवर पन्नाशी ओलांडलेला वॉचमन बसलाय. इथे बरोबर वाक्य साधं आहे: "काका, नमस्कार, एचआरच्या कुलकर्णी मॅडमना भेटायचंय." "ओ वॉचमन" म्हटलं तर गेट उघडेल पण रजिस्टरमध्ये सही करायला पेन मिळणार नाही. आणि काका म्हणून पुढे "रजिस्टर दे" म्हटलं तर तेही वाया, काकांना "द्या"च लागतं.

एचआरच्या मॅडम निघाल्या सत्तावीस वर्षांच्या. पोरगा गावाकडचा, त्याच्या तोंडून सवयीनं "नमस्कार ताई" निघून गेलं. इथे त्याची चूक काय झाली हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण ताई हा शब्द मराठीत अपमानाचा अजिबात नाही. रिक्षावाला वीस वर्षांच्या मुलीलाही "ताई, सुट्टे द्या" म्हणतो. अंगणवाडीत ताई, आशा वर्करला आशाताई, संस्था-संघटनांमध्ये तर नाव जोडून सगळ्या ताई नि सगळे दादा, आणि तिथे कुणी मॅडम म्हटलं तर उलट परकेपणा वाटतो. पण कारखान्याच्या एचआरमध्ये ताई म्हटलं की बाई पदावरून उतरून नात्यात येते. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या तिच्याच वयाच्या पुरुषाला तो "सर" म्हणणार आणि तिला "ताई", इथे दुखतं. म्हणून हिशोब सरळ ठेवावा, ज्या ऑफिसात पुरुषांना दादा म्हणतात तिथेच बायकांना ताई म्हणायचं, जिथे पुरुष सर आहेत तिथे बायका मॅडम. दोन्हीची खिचडी केली की कुणाचा तरी मान कापला जातो, आणि बहुतेक वेळा बाईचाच.

त्या मॅडम हसून म्हणाल्या, "अरे ताई काय, नाव घे सरळ." आता पोराची खरी पंचाईत. इंग्रजीत नाव घेतलं की झालं, पण मराठीत नाव घेतल्यावर लगेच पुढे तू की तुम्ही हे ठरवावं लागतं. त्यांनी स्वतः त्याला "नाव घे" म्हणजे एकेरीत सांगितलंय, पण म्हणून त्यानं पहिल्या दिवशी "तू कुठली?" विचारणं बरं नाही. तू म्हणायची परवानगी वरच्यानं द्यायची असते, खालच्यानं घ्यायची नसते. तोवर नाव आणि तुम्ही असं थोडं वाकडं जोडकाम चालवून घ्यावं लागतं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमध्ये दोन मराठी माणसं आपसात अचानक इंग्रजीत बोलायला लागतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, यूमध्ये तू आणि तुम्ही दोन्ही लपतात. त्याला शिष्टपणा समजू नये, ती पळवाट आहे.

पुढे शॉपफ्लोअर. तिथे बावन्न वर्षांचा ऑपरेटर लेथवर आहे, हाताखालचा माणूस म्हणून कागदावर या पोराचा. ऑपरेटर त्याला "साहेब" म्हणतो. पोरानं काय म्हणायचं? नुसतं आडनाव घेऊन हाक मारली तर पदाप्रमाणे चालेल पण वयाप्रमाणे नाही. मामा, काका किंवा भाऊ आणि पुढे तुम्ही, हे चालतं. मराठीत पद आणि वय उलटसुलट झाले की दोघांनी एकमेकांना तुम्ही म्हणायचं, असा न लिहिलेला करार आहे. ज्या साहेबाला हा करार कळत नाही त्याची मशीन जरा जास्तच वेळा बंद पडते असं फ्लोअरवरची माणसं म्हणतात, खरं खोटं त्यांनाच माहीत.

मामा आणि मावशी हे दोन शब्द वेगळ्यानं बघायला हवेत. दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणजे मामा, आया म्हणजे मावशी, सरकारी ऑफिसात शिपाई म्हणजे मामा. वरवर नात्याचे प्रेमळ शब्द आहेत, पण ते फक्त एकाच थरातल्या लोकांना लागतात. अकाउंट्समधल्या पंचावन्न वर्षांच्या बाईंना कुणी मावशी म्हणत नाही, झाडू मारणाऱ्या पस्तिशीतल्या बाईला म्हणतात. म्हणजे मावशी हे वय नाही, हुद्दा आहे. कित्येक ऑफिसांत शिपाई मामांचं पूर्ण नाव लोकांना पहिल्यांदा कळतं ते त्यांच्या निवृत्तीच्या बॅनरवर. नाव जोडून "सुनीतामावशी" किंवा "सुनीताताई" म्हटलं तर हा दोष बराच कमी होतो.

सरकारी खात्यांची स्वतःची पद्धत आहे. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेब असतात, त्यांचं वय काहीही असो, आणि अधिकारी साहेब. पोलिसांत "जय हिंद सर" म्हणून सुरुवात होते. गावाकडच्या कार्यालयात "राम राम साहेब" किंवा "जय भीम साहेब" सर्रास ऐकू येतं, आणि समोरच्यानं ज्या शब्दात नमस्कार घातला त्याच शब्दात परत करणं ही रीत आहे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणावं असं परिपत्रक काढलं होतं, पण त्यानं पहिला शब्द बदलला तरी पुढचा साहेब होता तिथेच राहिला.

लिहिताना लोक जास्त घसरतात. "मा. श्री. पाटील साहेबजी सर" असा अर्ज मी डोळ्यांनी बघितलाय, एका माणसावर पाच हार. अर्जात वर "प्रति, मा. तहसीलदार" आणि मग "महोदय," किंवा "महोदया," एवढं पुरतं. बाई आहेत हे माहीत असताना महोदय लिहिणं ही मात्र रोजची चूक, कारण जुना अर्ज कॉपी केलेला असतो. बायकांच्या नावामागे सौ. लावू नये, लग्न झालंय की नाही याचा ऑफिसशी संबंध नाही. सरकारी कागदात सरसकट श्रीमती लिहितात, पण मराठी घरांमध्ये श्रीमती म्हणजे नवरा वारलेली बाई असा समज अजून पक्का आहे, त्यामुळे जुन्या पिढीतल्या कुणाला पत्र लिहिताना दचकायला होतं. माझ्या मते "पाटील मॅडम" लिहिलेलं सगळ्यात बिनधोक.

जीचं काय करायचं? मराठीला जी नवा नाही, तानाजी आणि संभाजीत तो आहेच, आणि विदर्भात "हो जी" हे सहज उत्तर आहे. पण "गणेशजी, नमस्कार" ही हाक हिंदीच्या वळणाची आहे आणि ती जास्त करून सभा, संघटना, आणि दिल्लीच्या माणसांबरोबरच्या मीटिंगमध्ये ऐकू येते. हिंदीभाषक सहकाऱ्याला ती म्हणावी, तिथे ती बरोबरच आहे. मराठी माणसाला म्हटली तर राग येत नाही पण एक पातळ परकेपणा येतो. उलट दिशेनं घोटाळा दादाचा होतो, कारण हिंदीत दादा म्हणजे आजोबा, त्यामुळे चाळिशीतल्या उत्तर भारतीय सहकाऱ्याला प्रेमानं दादा म्हटलं की तो आधी केसांवरून हात फिरवतो. बंगाली माणसाला मात्र दादा म्हणजे थोरला भाऊच, त्याला चालतो. मराठीतली शाळेची "बाई"सुद्धा हिंदीत गेली की कामवाली होते, म्हणून मिश्र ऑफिसात तो शब्द लोक टाळतात.

आडनावाला सर लावायचं की नावाला, हाही प्रश्न येतो. जुनी मराठी सवय आडनावाची, जोशी सर, शेख सर, कांबळे मॅडम. क्लासेसवाल्यांनी आणि कॉर्पोरेटनं नावाची सवय आणली, राहुल सर वगैरे. आडनावातनं जात शोधायची आपली खोड लक्षात घेतली तर नावाची पद्धत काहींना बरी वाटते आणि तसं कुणी सांगितलं तर तसंच म्हणावं. गोव्यात हा प्रश्न बाब आणि बायनं सोडवलाय, नावाला बाब जोडला की पुरुषाचा मान झाला, मग तो मॅनेजर असो की ड्रायव्हर.

चुकीचं संबोधन तोंडातनं गेलंच तर त्याची माफी मागत बसायचं नसतं, त्यानं दोघंही अवघडतात. पुढच्याच वाक्यात बरोबर शब्द वापरायचा. "ताई... मॅडम, ते जॉइनिंग लेटर कुठे द्यायचं?" एवढ्यावर चाकणच्या त्या पोराचं काम झालं, आणि मॅडमनी वर न बघता ट्रे दाखवला.