पेन्सिलीएवढी मातीची रेघ

लालबागला आमच्या घरातलं कपाट बाथरूमच्या भिंतीला टेकून उभं आहे. जून संपता संपता त्याच्या खालच्या कोपऱ्यात सनमायका जरासा फुगला. ओल धरली असेल म्हणून सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने कपाट वरून खाली ठोकत आले. वर टणक आवाज, मध्येही टणक, आणि फुगलेल्या जागी एकदम बोदा.

"म्हणजे वाळवीच ना?" मी विचारलं.

"थांबा वहिनी. ओलीने प्लायचे पदर सुटले तरी असंच वाजतं. मागून बघू."

दोघांनी मिळून कपाट हातभर पुढे ओढलं. जमिनीलगतच्या पट्टीतून निघून भिंतीवरून कपाटाच्या पाठीपर्यंत मातीची एक रेघ गेली होती, जाडीला पेन्सिलीएवढी. मी झाडू घ्यायला वळले, तर काकांनी अडवलं. "तो त्यांचा रस्ता आहे. पुसलात तर कळणार कसं, चालू आहे का बंद?"

ही माती समजली की बाकीच्या खुणा आपोआप समजतात. कामकरी वाळवी पांढरट, मऊ अंगाची असते. तिची कातडी इतकी पातळ, की उघड्या कोरड्या हवेत ती थोड्याच वेळात सुकून मरते. म्हणून जमिनीतल्या वारुळापासून लाकडापर्यंत ती माती, लाळ आणि विष्ठा कालवून बोगदा बांधते आणि आतल्या दमट अंधारातून ये-जा करते. लाकूड आतून खायचं कारणही तेच. वरचा पापुद्रा ती मुद्दाम ठेवते, कारण तोच तिचा आडोसा. आपल्याला रंग शाबूत दिसतो, सनमायका चकाकतो आणि आत नुसती पोकळी असते. बाथरूमची गळकी भिंत तिला आवडते ती याच ओलाव्यासाठी. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून आपण सुटलो असं मुंबईत मानू नये. पाइप आणि वायरींच्या वाटेने ती वर चढते.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती किडे घोंघावतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडतो, तो आठवा. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ते वाळवीचे. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे असतात आणि तिची कंबर बारीक असते. असा खच घरातच, बंद खिडकीशी सापडला तर वारूळ जवळ आहे असं धरायचं.

भुशावरून मात्र लोक फसतात. लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पावडरीसारखा बारीक भुसा असेल, तर तो भुंगा, वाळवी नव्हे. खसखशीसारखे दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, त्यामुळे मातीची रेघ तिच्याकडे मिळत नाही.

आमच्याकडे रेघ होती, म्हणून काकांनी पहिलं काम अगदी साधं केलं. रेघेच्या मधोमध दोन बोटांएवढा तुकडा खरवडून काढला, वरचा आणि खालचा भाग तसाच ठेवला आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहिली. "दोन-तीन दिवस हात लावू नका. फवारा तर मारूच नका. फवाऱ्याने दिसतात तेवढ्याच मरतात, बाकीच्या दुसरीकडून वाट काढतात. मग शोधत बसा."

तिसऱ्या दिवशी ती फट बुजलेली होती. नवी माती जुनीपेक्षा गडद आणि ओलसर, बोटाला लागेल अशी. म्हणजे रस्ता चालू होता. फट उघडीच राहिली असती तरी वाळवी गेली असं काका म्हणाले नसते. वाट बदललेली असू शकते, म्हणून मग आजूबाजूची चौकट आणि फळ्या ठोकून पाहायच्या.

नवी फळी लगेच बसवायला त्यांनी साफ नकार दिला. आधी पेस्ट कंट्रोलवाल्यांनी भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडलं. मग काकांनी रेघ पुन्हा दोन ठिकाणी तोडली. पंधरा दिवस झाले तरी ती बुजली नाही, तेव्हा कुठे त्यांनी पटाशी हातात घेतली. सनमायका उचकटला तर खालचा प्लाय भिजून वाळलेल्या वहीसारखा पानापानांनी सुटा झाला होता आणि प्रत्येक दोन पानांमध्ये माती. आवाज टणक लागला तिथून आणखी चार बोटं वर काकांनी रेघ आखली आणि करवत लावली.