उलटीतून जाणारे क्लोराइड आणि लांबणारी शस्त्रक्रिया

पाच आठवड्यांचे बाळ दूध पाजल्यावर दर वेळी जोराची उलटी करते, सोनोग्राफीत जठराचा खालचा दरवाजा जवळजवळ बंद झाल्याचे दिसते, आणि तरीही शल्यचिकित्सक एक-दोन दिवस शस्त्रक्रिया करायला तयार नसतात. उपाशी, किरकिरणाऱ्या बाळाला घेऊन बसलेल्या नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते आणि तसे ते बोलूनही दाखवतात. प्रत्यक्षात या आजारात शस्त्रक्रियेची घाई हाच खरा धोका असतो, कारण बंद दरवाजापेक्षा बाळाच्या रक्तातली बिघडलेली रसायने अधिक जिवावर बेतणारी असतात.

जठरातून लहान आतड्यात उतरणाऱ्या वाटेला पायलोरस म्हणतात. तेथील वर्तुळाकार स्नायू जन्मानंतर हळूहळू जाड होत गेला, की वाट चिंचोळी होते. यालाच पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. हा आजार बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघड होतो आणि मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट आढळतो. बाळ सुरुवातीला नुसती गुळणी टाकते. पुढे मात्र दूध कारंज्यासारखे लांब फेकले जाते. उलटीत दूध किंवा फुटलेले दूध असते, पण पित्त नसते, कारण पित्त आतड्यात मिसळते ते पायलोरसच्या पलीकडे. म्हणूनच लहान बाळाची हिरवी उलटी हा निराळा आणि तातडीचा इशारा मानावा. आणखी एक खूण अशी, की आजारी बाळ सहसा दूध नाकारते, तर हे बाळ ओकल्यावर लगेच अधाशीपणे पुन्हा प्यायला बघते. पाजताना पोटाकडे तिरप्या उजेडात पाहिल्यास डाव्या फासळ्यांखालून उजवीकडे सरकणारी लाट कधीकधी दिसते, आणि बाळ शांत असताना बेंबीच्या वर, थोडे उजवीकडे बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. सोनोग्राफीत हा स्नायू साधारण 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसतो.

अशा बाळाची घरोघरी आधी दृष्ट काढली जाते, मग घुटी बदलली जाते, आणि त्यात आठवडा निघून जातो. मेळघाटात तर पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही अघोरी प्रथा अजून पुरती संपलेली नाही. जाड झालेला स्नायू यांपैकी कशालाही जुमानत नाही.

आता रसायनांकडे येऊ, कारण या आजाराचे मर्म तेथेच आहे. जठरातील पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात तेव्हा आम्लाच्या प्रत्येक कणामागे अल्कलीधर्मी बायकार्बोनेटचा एक कण रक्तात सोडला जातो. एरवी ते आम्ल पुढे आतड्यात उतरते, त्याच्या चाहुलीने स्वादुपिंड रक्तातले बायकार्बोनेट घेऊन आतड्यात ओतते आणि हिशेब जुळतो. पायलोरस बंद असेल तर आम्ल आतड्यात पोहोचतच नाही. ते उलटीवाटे बाहेर जाते आणि बायकार्बोनेट रक्तात साठत राहते. अतिसारात शरीर आम्लाकडे झुकते, येथे ते अल्कलीकडे झुकते.

वास्तविक मूत्रपिंडाने हे जादा बायकार्बोनेट लघवीतून टाकून द्यायला हवे, आणि पहिले काही दिवस ते तसे करतेही. परंतु पाणी कमी होऊ लागले, की मूत्रपिंडाचे पहिले काम सोडियम आणि पाणी वाचवणे हे होते. धनभारित सोडियम परत शोषायचे तर त्याच्यासोबत ऋणभारित क्लोराइड हवे, आणि ते तर उलटीत गेलेले असते. मग सोडियमच्या बदल्यात मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर सोडते, आणि पोटॅशियमही खालावले की हायड्रोजन, म्हणजे आम्लच सोडू लागते. परिणामी रक्त अल्कलीकडे झुकलेले असूनही लघवी आम्लधर्मी होते, आणि प्रत्येक लघवीनिशी रक्त आणखी बिघडते. या फेऱ्यातून सुटण्यासाठी आम्ल देण्याची गरज नसते. क्लोराइड आणि पाणी मिळाले की मूत्रपिंड बायकार्बोनेट सोडायला पुन्हा मोकळे होते, आणि या दोन्ही गोष्टी साध्या 0.9 टक्के सलाईनमध्ये असतात.

समजा, बाळाचे वजन 3 किलो आहे, रक्तातील क्लोराइड 84, पोटॅशियम 3 आणि बायकार्बोनेट 36 मिलिमोल प्रतिलिटर आहे. डोळे खोल गेले आहेत आणि टाळू बसलेली आहे. अशा वेळी प्रथम किलोमागे 20 मिलिलिटर, म्हणजे 60 मिलिलिटर सलाईन शिरेतून दिले जाते. त्यानंतर ग्लुकोजयुक्त सलाईन सावकाश चालू राहते. बाळाने लघवी केल्यावरच त्यात पोटॅशियम मिसळतात, कारण मूत्रपिंड काम करत नसताना ते रक्तात साचले तर हृदयाची लय बिघडते. दर काही तासांनी तपासणी होते आणि क्लोराइड 100 च्या आसपास, बायकार्बोनेट 30 च्या खाली आल्यावर भूलतज्ज्ञ होकार देतात. त्याआधी भूल देणे धोक्याचे, कारण रक्त अल्कलीकडे झुकले असेल तर मेंदूचे श्वसनकेंद्र मंदावते आणि शस्त्रक्रियेनंतर बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो.

हे सारे घडते ते परिचारिकेच्या नोंदींवर. बाळाचे तोंडाने काहीही घेणे बंद असते. नाकातून जठरात घातलेली नळी उघडी ठेवून तिच्यातून येणारा द्रव मोजला जातो आणि तेवढीच भरपाई सलाईनने केली जाते. लंगोट किंवा डायपर कोरडे असताना आणि ओले झाल्यावर वजन केले, की फरकाचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर लघवी. आपल्या बाळाने तासाला निदान 3 मिलिलिटर तरी करायला हवी. रोज एकाच वजनकाट्यावर, शक्यतो एकाच वेळी वजन, रक्तातील साखर, शरीराची ऊब आणि सलाईन टोचलेल्या जागेची सूज यांवर लक्ष असते. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून देखरेखीखाली डोके उंच ठेवून बाळाला कुशीवर वळवतात. आईला दूध पिळून काढून ठेवण्यास सांगायचे असते, नाहीतर या दोन दिवसांत दूध आटू लागते. पुढची शस्त्रक्रिया तुलनेने छोटी आहे: 1912 मध्ये जर्मन शल्यविशारद रामस्टेट यांनी मांडल्याप्रमाणे स्नायू उभा चिरून मोकळा करायचा आणि आतले अस्तर अखंड ठेवायचे.

इंटससेप्शनमध्ये मात्र घड्याळ उलटे धावते. येथे आतड्याचा एक भाग, बाही उलटी आत ढकलावी तसा, पुढच्या भागात शिरतो. बहुधा लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्यात जातो. सोबत आतड्याला रक्त पुरवणारा पडदाही ओढला जातो, शिरा दाबल्या जातात, सूज येते आणि शेवटी रक्तपुरवठाच तुटतो. बाळ साधारण पाच ते नऊ महिन्यांचे असते. ते अचानक किंचाळते, पाय पोटाशी घेते, पांढरेफटक पडते, काही मिनिटांत शांत होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच घडते. ही मधली शांतता फसवी असते. रक्त आणि चिकट आव मिसळलेली लालसर शी ही पाठ्यपुस्तकातली खूण उशिरा दिसते, आणि दिसली तरी ‘आव पडली’ म्हणून औषध देऊन वेळ घालवला जातो. काही बाळांत रडणेही नसते, केवळ सुस्ती असते.

येथेही सलाईन आणि नळी लागते, पण काही तासांच्या आत. आतडे फुटलेले नसेल तर गुदद्वारातून दाबाने हवा किंवा सलाईन सोडून आत शिरलेला भाग मागे ढकलला जातो, आणि बहुतेक बाळांची शस्त्रक्रिया टळते. पोट ताठ होणे, ताप आणि वाढती नाडी ही आतडे फुटल्याची चिन्हे असू शकतात, म्हणून परिचारिका ती पुन:पुन्हा तपासते. अशी शंका आल्यास दाबाचा उपाय करायचा नसतो. प्रत्येक शी जपून पाहायची असते, कारण वाट पाहत असताना बाळाने नेहमीसारखी तपकिरी किंवा पिवळी शी केली, तर आतडे आपोआप सुटले असण्याची शक्यता असते. ही गोष्ट ताबडतोब डॉक्टरांना कळवून पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय त्या बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायचे नसते.